ऊन नागपूरचं, रविवार तुमचा

प्रश्न

मी नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहते. दोन वर्षांपासून दुकानदारांचं गुगल बिझनेस प्रोफाइल सांभाळण्याचं काम फ्रीलान्स करते. आतापर्यंत पाच दुकानं झाली. फेब्रुवारीत मानेवाडा रोडवरच्या एका कुलर विक्री-दुरुस्तीच्या दुकानाचं काम घेतलं. गुगलवर त्यांचा बंद पडलेला लँडलाइन नंबर होता, रविवारी दुकान बंद दाखवत होतं आणि प्रोफाइलचा ताबा आधी काम केलेल्या एका मुलाकडे होता. तो मिळवण्यातच आठवडा गेला. मग सगळं नीट केलं. फी ६,००० रुपये घेतली, जाहिरातीवर काहीच खर्च केला नाही. मालक परवा म्हणाले, ‘मॅडम, आता रविवारीही फोन येऊन राहिले.’ मला छान वाटलं आणि मी पोस्ट टाकली:

‘गर्व नाही, पण अभिमान आहे! अवघ्या ३ महिन्यांत माझ्या क्लायंटच्या कॉल्समध्ये तब्बल ३००% वाढ!! नागपुरातील आघाडीची डिजिटल ग्रोथ एक्स्पर्ट म्हणून मी अनेक व्यवसायांचा कायापालट केला आहे. तुमचाही व्यवसाय नव्या उंचीवर न्यायचाय? आजच मेसेज करा. मोजक्याच जागा शिल्लक!’

साठ लाइक आले, बहुतेक मैत्रिणींचे. चौकशी एकही नाही. नात्यातल्या एका काकांनी खाली लिहिलं, ‘लय फेकून राहिली पोरगी.’ मी पोस्ट काढून टाकली आणि ‘एक छोटंसं काम केलं, बघा कसं वाटतं’ असं लिहिलं. ते कुणी पाहिलंही नाही. आपल्या कामाबद्दल बोलावं तरी कसं? गुगलचे आकडे आणि दुकानाच्या सर्व्हिस वहीतली मागच्या आणि या मे महिन्याची पानं सोबत जोडते आहे.

— आर. के., नागपूर

उत्तर

तुमच्या पोस्टपेक्षा तुमचं पत्र कितीतरी चांगलं आहे. पत्रात बंद पडलेला लँडलाइन आहे, रविवार आहे, ६,००० रुपये आहेत, मालकांचं वाक्य आहे. पोस्टमध्ये यातलं काहीही आलेलं नाही. तिथे कोणतं दुकान, त्याचं काय अडलं होतं आणि तुम्ही नेमकं काय केलं, हे वाचणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही. त्यामुळे पोस्ट कशी लिहायची याचं निम्मं उत्तर तुम्हीच मला लिहून पाठवलं आहे. पण ते तिथे आणण्याआधी त्या ३००%चा हिशेब करावा लागेल. पोस्टमधला सगळ्यात मोठा दावा तोच आहे आणि सगळ्यात कच्चाही तोच आहे.

गुगलच्या पानावर फेब्रुवारीत कॉलचा आकडा २२ दिसतो आणि मेमध्ये ८८. गणित चुकलेलं नाही. २२ वर ६६ वाढले म्हणजे ३००%च होतात. पण नागपुरात फेब्रुवारी ते मे या काळात कुलरच्या दुकानाचे फोन वाढले नाहीत, तरच नवल म्हणायचं. फेब्रुवारीत कुलर गच्चीवर झाकून ठेवलेला असतो. मार्चमध्ये तो खाली उतरतो आणि मग एकेक दुखणं निघतं: पंप पाणी चढवत नाही, गवत वाळून गळालेलं असतं, टाकीला गंज लागून ती झिरपते. मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर गेला की मोटर जळलेल्या घरातला माणूस मिळेल त्या नंबरवर फोन लावतो. हे सगळं तुम्ही प्रोफाइलला हात लावला नसता तरी झालंच असतं. नागपूरकर वाचकाला हे सांगावं लागत नाही. दुकान कुलरचं आहे हे ज्याला माहीत आहे तो ३००% वाचून हसतो, आणि ज्याला माहीत नाही त्याला तो आकडा हवेतला वाटतो. दोन्हीकडून नुकसान तुमचंच होतं.

शिवाय गुगल ज्याला कॉल म्हणतं तो म्हणजे प्रोफाइलवरच्या कॉलच्या बटणावर पडलेलं बोट. फोन लागला का, कुणी उचलला का, काम मिळालं का, यातलं काहीच त्या आकड्यात नसतं. फेब्रुवारीचे २२ त्याचंच उदाहरण आहेत. त्या महिन्यातला निदान पहिला आठवडा तरी तिथे बंद नंबर होता. म्हणजे त्यातले काही लोक बटण दाबून रिकामेच परतले असणार. उलट बाजूने, कुणी कॉम्प्युटरवर नंबर पाहून हाताने फोनवर लावला तर तो या आकड्यात येतच नाही. तेव्हा हा आकडा तुमच्या स्वतःच्या माहितीसाठी उपयोगाचा आहे, कल कुठे आहे हे कळतं. पण ‘क्लायंटचे कॉल वाढले’ असं जाहीर सांगण्याइतका तो भक्कम नाही.

आता तुमच्याकडे असलेली खरी मौल्यवान गोष्ट, म्हणजे सर्व्हिस वही. ती पानं पाठवलीत हे फार बरं केलंत. मी दोन्ही मे महिन्यांच्या नोंदी मोजल्या. मागच्या वर्षी १४०, या वर्षी १७१. म्हणजे ३१ जास्त. मेची तुलना मेशी केली की ऋतूचा मोठा फरक आपोआप निघून जातो. तरी ही ३१ची वाढ मी पूर्ण तुमच्या नावावर लिहिणार नाही. एक मे दुसऱ्या मेइतकाच तापतो असं नाही. मध्येच चार दिवस अवकाळी पाऊस पडला तर कुलरवाल्याचे फोन लगेच थंडावतात, आणि नवतपा कडक गेला तर दुरुस्तीवाल्याला श्वास घ्यायला वेळ मिळत नाही. शेजारचं एखादं दुकान बंद झालं असेल, मालकांनी एखादा कारागीर वाढवला असेल. हे आपल्याला वहीवरून कळत नाही.

म्हणून मी तीच पानं वेगळ्या तऱ्हेने मोजली. तुम्ही जे बदललं त्याचा परिणाम नेमका कुठे दिसायला हवा? प्रोफाइलवर रविवार बंदचा उघडा झाला, तर रविवारी दिसायला हवा. ऊन सगळ्या वारी सारखंच पडतं. त्याने सोमवारही वाढतो आणि रविवारही वाढतो. पण फक्त रविवार बाकीच्या वारांपेक्षा जास्त वाढला असेल, तर त्यामागे वेगळं कारण असायला हवं. दोन्ही वर्षी मेमध्ये रविवार चारच होते, ते मी कॅलेंडरवर पाहून घेतलं, कारण एका वर्षी पाच असते तर तुलना फसली असती. दुकान मागच्या वर्षीही रविवारी उघडं होतं, हे त्या तारखांच्या नोंदींवरूनच दिसतं. मागच्या मेमध्ये चार रविवारी मिळून ९ नोंदी आहेत. या मेमध्ये २३.

बाकीचे सहा वार धरले तर १३१च्या जागी १४८ झाल्या. तिथे थोडीच वाढ आहे. रविवारी मात्र अडीच पट. तुमच्या कामाचा पुरावा हा आहे, आणि माझ्या मते तो ३००%पेक्षा खूप जास्त पटणारा आहे, कारण काय बदललं आणि कुठे फरक पडला हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवता येतं.

आणखी एक गोष्ट त्या पानांवर आहे. या वर्षी मालकांच्या मुलाने काही नव्या नावांपुढे ‘गुगल’ असं लिहून ठेवलं आहे. तुम्ही त्याला तसं सांगितलं असेल तर शाबास. मेमध्ये अशी ३४ नावं आहेत. मागच्या वर्षी ही खूण नसल्यामुळे तिची तुलना करता येणार नाही, आणि त्या ३४पैकी काहीजण एरवीही कुणाला विचारून दुकानापर्यंत पोचले असते. पण ‘या महिन्यात ३४ नव्या गिऱ्हाइकांनी गुगलवरून नंबर मिळाल्याचं सांगितलं’ हे वाक्य जसंच्या तसं खरं आहे. कुणी थेट दुकानात जाऊन विचारलं तरी वही उघडून दाखवता येईल.

तुम्हाला वाटेल, ३००% कुठे आणि चार रविवारच्या २३ नोंदी कुठे. पण तुमची पोस्ट कुणी वाचावी असं तुम्हाला वाटतं? गांधीबागेतला कापडवाला, सक्करदऱ्यातला मिक्सर दुरुस्तीवाला, प्रतापनगरची ब्लाउज शिवणारी ताई. हे लोक टक्क्यांत विचार करत नाहीत. ते गिऱ्हाइकं मोजतात. ‘३४ नवी गिऱ्हाइकं, फी ६,००० रुपये’ एवढं वाचलं की ते आपल्या धंद्यातला एका गिऱ्हाइकामागचा नफा मनातल्या मनात त्या ३४शी गुणतात आणि परवडेल की नाही ते स्वतः ठरवतात. तो गुणाकार त्यांना करू द्या. फुशारकी वाटते ती बहुतेक वेळा इथे, लिहिणाऱ्याने निष्कर्षही स्वतःच काढून ‘कायापालट’ असं जाहीर केलं की. आकडा देऊन तुम्ही थांबलात तर वाचणाऱ्याला बढाईचा वास येत नाही, कारण निष्कर्ष त्याने काढलेला असतो.

याच कसोटीवर जुन्या पोस्टमधले बाकीचे शब्द पाहू. ‘गर्व नाही, पण अभिमान आहे’ काढून टाका. पहिल्याच ओळीत गर्वाची सफाई दिली की वाचणारा गर्वच शोधायला लागतो. ‘अवघ्या’ आणि ‘तब्बल’ हे आकड्याला फुगवणारे शब्द आहेत, आकडा बरा असेल तर त्यांची गरज नाही. ‘आघाडीची’ हे कुणालाही तपासता येत नाही. ‘अनेक व्यवसाय’ म्हणजे तुमच्या बाबतीत पाच. मग पाचच लिहा. पाच दुकानं हा दोन वर्षांच्या कामाचा नीट सांगण्यासारखा आकडा आहे, आणि ‘अनेक’ वाचून माणूस त्यातून दोनच असतील असं धरून चालतो. ‘मोजक्याच जागा शिल्लक’ खरं असेल तर किती जागा आणि कोणत्या महिन्यात ते सांगा. खरं नसेल तर लिहू नका. नागपूरच्या बाजारात ‘सेलचा शेवटचा दिवस’ वर्षभर पाहिलेले लोक आहेत.

दुसऱ्या टोकाच्या पोस्टबद्दलही बोललं पाहिजे, कारण काकांच्या शेऱ्यानंतर तुम्ही तिकडे गेलात. ‘एक छोटंसं काम केलं, बघा कसं वाटतं’ यात नम्रता आहे, पण माहिती तिथेही नाही. पहिल्या पोस्टमध्ये दुकानदाराला तुमच्या शब्दांवर विश्वास ठेवावा लागत होता, दुसऱ्यात ठेवण्यासारखं काही उरलंच नाही. ‘छोटंसं’, ‘माझ्या परीने’, ‘काही चुकलं तर सांभाळून घ्या’ हे शब्द लिहिताना सभ्य वाटतात. पण ज्याला पैसे देऊन काम करून घ्यायचं आहे त्याच्या मनात ते शंका पेरतात: हिला स्वतःलाच खात्री नाही की काय? आठवडाभर पाठपुरावा करून तुम्ही प्रोफाइलचा ताबा मिळवलात. ते काम छोटं नाही. ते छोटंही म्हणू नका आणि मोठंही म्हणू नका, फक्त काय केलं ते सांगा.

आपलं श्रेय कुठे संपतं तेही पोस्टमध्येच लिहा, असं मी आग्रहाने सांगेन. मेमध्ये कुलरचं काम वाढतंच आणि गिऱ्हाईक टिकतं ते मालकांच्या कारागिरांमुळे, ही दोन वाक्यं तुमच्या पोस्टमध्ये हवीत. काकांनी जी शंका घेतली ती तुम्ही आधीच मांडलेली असेल तर त्यांना लिहिण्यासारखं उरत नाही. आणि जी बाई उन्हाचं श्रेय घेत नाही, ती रविवारचा जो आकडा सांगते तो दुकानदार मानतो.

आता परवानगी. पोस्ट टाकण्याआधी मालकांना विचारलं होतंत का, हे पत्रात नाही. नाव घेतलं नसलं तरी विचारलं पाहिजे. मानेवाडा रोडवर कुलरची दुकानं अशी किती असणार? नाव न घेताही आसपासचे लोक ओळखतील. आणि महिन्याला १४० किंवा १७१ नोंदी हा त्यांच्या धंद्याचा आकार आहे. समोरच्या दुकानदाराला तो फुकट कळावा असं कुणालाही वाटणार नाही. म्हणून मी नव्या पोस्टमध्ये ते दोन एकूण आकडे घेतलेले नाहीत. रविवारचे आणि ‘गुगल’ लिहिलेले, एवढेच घेतले आहेत. हेही मालक नको म्हणाले तर ‘रविवारच्या नोंदी दुपटीहून जास्त झाल्या’ एवढ्यावर भागवा. पोस्ट थोडी फिकी होईल, पण हे मालक पुढच्या सीझनलाही तुमचे राहतील.

परवानगी तोंडी घेऊ नका. पोस्टचा पूर्ण मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि साधं लिहा: ‘भाऊ, तुमच्या दुकानाच्या कामाबद्दल हे लिहून टाकायचं आहे. दुकानाचं नाव घालू की नको? रविवारचे आकडे आणि तुमचं वाक्य चालेल का? काही काढायचं असेल तर सांगा, काढते.’ त्यांचं ‘चालेल’ त्या मजकुराखालीच येईल, म्हणजे कशाला हो म्हटलं यावर नंतर वाद होणार नाही.

वहीच्या पानाचा फोटो पोस्टला जोडायचा मोह होईल. जोडू नका. त्यावर गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, मोबाइल नंबर आहेत आणि त्यांना कुणी विचारलेलं नाही. फोनमधल्या मार्करने त्यावर काळी रेघ ओढली तरी अनेकदा ती अर्धपारदर्शक असते. दोन-तीनदा फिरवल्यावर काळी दिसते, पण कुणी फोटोचा उजेड वाढवला की खालचे अंक परत दिसू लागतात. फोटो लागतोच असं वाटलं तर गुगल प्रोफाइलवरच्या वेळांचा आधीचा आणि नंतरचा स्क्रीनशॉट जोडा. ‘रविवार: बंद’ आणि ‘रविवार: उघडं’ हे शेजारी शेजारी दिसलं की दुकानदाराला लांब समजावून सांगावं लागत नाही. आधीचा स्क्रीनशॉट तुमच्याकडे नसेल तर तो नंतर तयार करू नका, फक्त नंतरचा लावा.

मालकांचं वाक्य मात्र जसं बोलले तसंच ठेवा. ‘आता रविवारीही फोन येऊन राहिले’ हे बदलून ‘त्यांच्या सेवेमुळे आमच्या व्यवसायात लक्षणीय वृद्धी झाली’ असं केलंत, तर ते कुणाच्या तोंडचं वाटणार नाही. नागपूरचा दुकानदार नागपूरच्या दुकानदाराचा आवाज लगेच ओळखतो. पुढच्या कामांत असं वाक्य मिळवायचं असेल तर ‘चांगला अभिप्राय द्या’ असं म्हणू नका, त्याने माणूस अवघडतो आणि गुळगुळीत बोलतो. ‘आधीपेक्षा काय वेगळं होऊन राहिलं?’ एवढंच विचारा. आणि गुगलवर रिव्ह्यूच्या बदल्यात कुणाला सूट किंवा पैसे देऊ नका, मालकांनाही देऊ देऊ नका. ते गुगलच्या नियमांत बसत नाही, आणि मेहनतीने सुधारलेल्या प्रोफाइलचे रिव्ह्यू त्यापायी काढले जाऊ शकतात.

तर मी तुमची पोस्ट अशी लिहीन:

‘मे महिन्यात कुलर रविवारीही बंद पडतो. मानेवाडा रोडवरचं कुलर दुरुस्तीचं एक दुकान रविवारी उघडं असायचं, पण गुगल लोकांना “आज बंद” सांगत होतं. खाली जो फोन नंबर होता, तो लँडलाइनही कधीचाच बंद पडलेला.

फेब्रुवारीत हे काम माझ्याकडे आलं. प्रोफाइलचा ताबा आधी काम केलेल्या एका मुलाकडे होता, तो मालकांच्या नावावर आणायला आठवडा लागला. मग चालू मोबाइल नंबर घातला, रविवारच्या वेळा नीट केल्या.

दुकानाच्या सर्व्हिस वहीत मागच्या मेमध्ये चार रविवारी मिळून ९ नोंदी होत्या, या मेमध्ये चार रविवारी २३. महिनाभरात ३४ नव्या गिऱ्हाइकांनी नंबर गुगलवर मिळाल्याचं सांगितलं. मेमध्ये कुलरचं काम वाढतंच, म्हणून एकूण वाढ मी माझ्या नावावर सांगत नाही. आणि फोन आल्यावर वेळेवर पोचून काम करणारे कारागीर दुकानाचे आहेत.

मालक म्हणाले, “मॅडम, आता रविवारीही फोन येऊन राहिले.”

माझी फी ६,००० रुपये होती, एकदाच. जाहिरातीवर खर्च केला नाही.

तुमच्या दुकानाचं नाव आत्ता गुगलवर टाकून पाहा. तिथे दिसणारा नंबर लावून पाहा, वेळा बरोबर आहेत का बघा. चुकीचं असेल तर बहुतेक वेळा तुम्हाला स्वतःलाच दुरुस्त करता येतं. लॉगिन कुणाकडे आहे तेच माहीत नसेल किंवा अडलं तर मला कळवा. आतापर्यंत पाच दुकानांचं हे काम केलं आहे. या महिन्यात आणखी दोन घेऊ शकते.’

शेवटच्या ओळीतला ‘दोन’ मी अंदाजाने घातला आहे, तिथे तुमचा खरा आकडा टाका. तुम्ही पत्रात न लिहिलेली आणखी कामं केली असतील, उदाहरणार्थ दुकानाचा प्रकार बदलणं किंवा फोटो चढवणं, तर एखाद्या वाक्यात घाला, त्यापेक्षा जास्त नको. नंबर आणि रविवार या दोन गोष्टी सगळ्यांना कळतात, बाकीच्या यादीत त्या हरवतील. फीबद्दल तुमच्या ओळखीतले काही फ्रीलान्सर म्हणतील की ती जाहीर करू नये, मोलभावाला जागा राहत नाही. माझं मत उलट आहे. नागपुरात दुकानदाराचा पहिला प्रश्न ‘किती घेता?’ हाच असतो, आणि आकडा दिसला की ज्यांना परवडत नाही त्यांचे फोन येत नाहीत. फक्त ‘होती’ हा भूतकाळ तसाच ठेवा, म्हणजे मोठ्या कामाला जास्त सांगायला तुम्ही मोकळ्या राहाल.

‘चुकीचं असेल तर स्वतः दुरुस्त करा’ ही ओळ पाहून तुम्हाला वाटेल, मग मला काम कोण देणार? ज्याला नंबर बदलणं जमतं तो तुमचं गिऱ्हाईक नव्हताच. ज्याचं लॉगिन हरवलेलं आहे, ज्याला गुगलने दुकानाचा व्हिडिओ काढून पडताळणी करायला सांगितलं आणि तो तिथेच अडकला, तो तुम्हाला फोन करेल. आणि ज्याने तुमच्या सांगण्यावरून स्वतःचा चुकलेला नंबर शोधला, तो ही पोस्ट शेजारच्या दुकानदाराला पाठवेल.

पोस्ट कुठे टाकता याचाही विचार करा. साठपैकी बहुतेक लाइक मैत्रिणींचे आले याचा अर्थ ती मैत्रिणींनी पाहिली. दुकानदार आपापल्या व्यापारी संघाच्या किंवा कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असतात. तिथे एवढं लांब कुणी वाचत नाही, त्यामुळे पहिला परिच्छेद, रविवारचे दोन आकडे, फी आणि ‘तुमचा नंबर लावून पाहा’ एवढंच पाठवा. तुमच्या त्या पाचपैकी एखाद्या दुकानदाराने आपल्या ग्रुपवर स्वतः पुढे पाठवलं तर सगळ्यात उत्तम. कुलरच्या इतर दुकानदारांसाठी मात्र हीच पोस्ट जानेवारीच्या शेवटी पुन्हा वापरा, म्हणजे सीझनच्या तोंडावर त्यांच्या हाताशी वेळ असेल. फक्त त्याआधी मानेवाडा रोडवाल्या मालकांना विचारा, आपल्याच धंद्यातल्या दुसऱ्यांचं काम तुम्ही घेतलेलं त्यांना चालतंय का. नको म्हणाले तर निदान त्या भागातलं घेऊ नका.

काकांना उत्तर द्यायचं असेल तर नव्या पोस्टखाली एकदाच द्या, वाद न घालता. ‘काका, मागच्या पोस्टमध्ये उन्हाळ्याची वाढही माझ्या कामात मोजली गेली होती. या वेळी मेची तुलना मेशी केली आहे.’ इतकं पुरे. कदाचित तेच पुढे एखादा दुकानदार तुमच्याकडे पाठवतील, नातेवाईक शंका घेतात तशी शिफारसही करतात.

आणि हा सगळा हिशेब या वेळी जमला तो वहीमुळे. गुगलच्या पानावर फार मागचे महिने पाहायला मिळत नाहीत, म्हणून पुढच्या दुकानाचं काम घ्याल तेव्हा प्रोफाइलमध्ये काहीही बदलण्याआधी तीन गोष्टी करून ठेवा. प्रोफाइल जसं आहे तसे सगळे स्क्रीनशॉट तारखेसकट काढा. गुगलचे मिळतील तेवढ्या मागच्या महिन्यांचे आकडे उतरवून घ्या आणि नंतर दर महिन्याच्या अखेरीस उतरवत राहा. आणि मालकांना मागच्या वर्षीची बिलबुकं किंवा वही जपून ठेवायला सांगा, या वर्षीच्या वहीत ‘कुठून कळलं?’ असा एक रकाना आखून द्या. दुकानात बसणाऱ्या मुलाला तो भरायची सवय लागेपर्यंत पहिले दोन आठवडे त्याला अधूनमधून फोन करावा लागेल. बाकीच्या चार दुकानांपैकी ज्यांच्याकडे वही आहे, त्यांचा रकाना या आठवड्यातच आखून घ्या.